XIRR: अनियमित गुंतवणुकीचा खरा वार्षिक परतावा एक्सेलमध्ये कसा काढायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गुंतवणुकीची शीट बनवून दिली की काही दिवसांनी ठरलेले प्रश्न येऊ लागतात. कुणाला एरर आलेली असते, कुणाला 0.00% दिसत असतं, तर कुणाला 81% परतावा दिसल्यामुळे झोप लागत नसते. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणातल्या रकमा कोणत्याही चलनातल्या समजा, हिशेबात फरक पडत नाही.

1. XIRR म्हणजे नेमकं काय मोजलं जातं?

एक बचत खातं डोळ्यांसमोर आणा. वर्षाला एकच ठरावीक दर, व्याज चक्रवाढ. तुम्ही जेव्हा जेव्हा जितके पैसे गुंतवलेत, त्याच तारखांना तितकेच पैसे या खात्यात भरले. जेव्हा काढलेत, तेव्हा यातूनही तितकेच काढले. आता दर किती असता तर शेवटच्या दिवशी या खात्यात बरोबर तुमच्या गुंतवणुकीच्या आजच्या किमतीइतकी शिल्लक उरली असती? तो दर म्हणजे XIRR.

त्यामुळे XIRR 9.75% आला याचा अर्थ दरवर्षी 9.75% मिळाले असा होत नाही. एखाद्या वर्षी 20% मिळाले असतील, एखाद्या वर्षी तोटा झाला असेल. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: हा दर पैसे गुंतलेले होते तेवढ्याच काळाचा असतो. मधे काढून घेतलेल्या पैशांचं पुढे काय झालं, याच्याशी XIRR ला देणंघेणं नाही.

2. एक्सेलमध्ये ते मांडायचं कसं? एक पूर्ण उदाहरण द्या.

दोन रकाने पुरतात. A मध्ये तारीख, B मध्ये रक्कम. खिशातून गेलेला पैसा उणे, खिशात आलेला अधिक. शेवटच्या ओळीत आजची किंमत अधिक चिन्हाने, जणू आज सगळं विकून पैसे हातात घेतले.

| ओळ | A (तारीख) | B (रक्कम) | काय घडलं |
|---|---|---|---|
| 2 | 10-01-2021 | -100000 | पहिली गुंतवणूक |
| 3 | 15-07-2021 | -50000 | थोडी भर |
| 4 | 20-03-2022 | -200000 | मोठी रक्कम |
| 5 | 05-11-2022 | 60000 | गरज पडली, काढले |
| 6 | 10-01-2024 | 365000 | त्या दिवशीची किंमत |

मग D2 मध्ये:

```
=XIRR(B2:B6,A2:A6)
```

आधी रकमा, मग तारखा. हा क्रम उलटा झाला की घोळ होतो, आणि सुरुवातीला तो हमखास उलटा होतो. उत्तर 0.0975 असं दिसेल. सेलला टक्केवारीचं फॉरमॅट दिलं की 9.75%.

ओळी तारखेच्या क्रमाने असायलाच हव्यात असं नाही, पण पहिल्या ओळीतली तारीख सगळ्यांत जुनी हवी. एखादी जुनी नोंद नंतर सापडली आणि ती तळाशी टाकली, तरी चालतं. मात्र ती पहिल्या ओळीपेक्षाही जुनी असेल तर XIRR #NUM! देतो. मी सरळ तारखेनुसार सॉर्ट करतो, म्हणजे विचारच करायला नको.

3. एकूण नफा भागिले वर्षं, एवढं सोपं असताना XIRR कशाला?

वरच्याच आकड्यांवर करून बघू. एकूण 3,50,000 घातले. 60,000 मधे मिळाले आणि 3,65,000 शेवटी, म्हणजे 4,25,000. नफा 75,000, घातलेल्या रकमेच्या 21.4%. तीन वर्षांनी भागलं तर वर्षाला 7.1%. चक्रवाढीने काढलं तर 6.7%. आणि XIRR म्हणतो 9.75%.

फरक कुठून आला? पूर्ण तीन वर्षं राबले ते फक्त पहिले एक लाख. दोन लाखांची मोठी रक्कम मार्च 2022 मध्ये आली, ती दोन वर्षंही गुंतलेली नव्हती. आणि 60,000 तर नोव्हेंबर 2022 मध्येच परत आले. भागाकाराच्या हिशेबात सगळे साडेतीन लाख पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत राबले असं गृहीत धरलं जातं, म्हणून परतावा कमी दिसतो.

एकदाच पैसे घातले आणि एकदाच काढले, मधे काहीच नाही, असं असेल तर XIRR आणि सीएजीआर, म्हणजे चक्रवाढीने काढलेला वार्षिक दर, एकच उत्तर देतात. तिथे XIRR ची गरज नाही.

4. आजच्या किमतीची ओळ टाकायलाच हवी का? पैसे तर मी काढलेलेच नाहीत.

टाकायलाच हवी. तिच्याशिवाय शीटला एवढंच कळतं की तुम्ही साडेतीन लाख घातले आणि साठ हजार परत आले, बाकीचे बुडाले. मग एकतर प्रचंड उणे दर येतो किंवा एरर. मधे काहीच काढलं नसेल तर सगळेच आकडे उणे राहतात आणि #NUM! ठरलेलाच, कारण XIRR ला किमान एक उणे आणि एक अधिक रक्कम लागते.

या ओळीत लोक तारखेच्या जागी =TODAY() टाकतात. सोय चांगली आहे, पण शेजारची किंमतही रोज बदलत असेल तरच. वरच्या उदाहरणात तारीख =TODAY() ठेवली, किंमत मात्र 3,65,000 च राहू दिली आणि फाईल 10 जुलै 2024 ला उघडली, तर XIRR 9.75% वरून साधारण 8% वर उतरलेला दिसेल. गुंतवणुकीला काहीही झालेलं नाही, फक्त तारीख पुढे सरकली आणि किंमत जुनीच राहिली. "परतावा रोज थोडा थोडा घसरतोय" अशी तक्रार आली की मी आधी हेच तपासतो. किंमत हाताने भरत असाल तर तारीखही हाताने भरा.

5. उणे-अधिक उलटं केलं तर?

सगळीकडे उलटं केलंत तर उत्तर तेच येईल, समीकरणाला फरक पडत नाही. घात होतो तो एखाद्याच ओळीत चिन्ह चुकलं की. 15-07-2021 चे 50,000 चुकून अधिक पडले, तर ते तुम्हाला मिळालेले पैसे ठरतात. एरर येत नाही, फक्त परतावा कारण नसताना फुगतो. म्हणून शीटच्या कोपऱ्यात =SUM(B2:B6) ठेवा. ही बेरीज म्हणजे तुमचा निव्वळ नफा. आपल्या उदाहरणात 75,000. तो आकडा ओळखीचा वाटला नाही तर XIRR कडे बघूच नका, आधी नोंदी बघा.

6. आलेलं उत्तर बरोबर आहे हे मी कसं तपासू?

पहिल्या प्रश्नातलं काल्पनिक खातं प्रत्यक्ष चालवून बघा. 9.754% दराने पहिले 1,00,000 तीन वर्षांत सुमारे 1,32,210 होतात. दुसरे 50,000 त्यांच्या वाट्याच्या अडीच वर्षांत 63,040. मार्च 2022 चे दोन लाख 2,36,720. यातून काढलेले 60,000 वजा करायचे, पण तेही शेवटच्या तारखेपर्यंत वाढवून, कारण ते खात्यात राहिले असते तर 66,970 झाले असते. बेरीज-वजाबाकी करा: 3,65,000. खात्यातली शिल्लक आणि खरी किंमत जुळली.

शीटमध्ये हेच एका ओळीत होतं. फक्त इथे सगळ्या रकमा पहिल्या तारखेपर्यंत मागे आणल्या आहेत:

```
=SUMPRODUCT(B2:B6/(1+D2)^((A2:A6-A2)/365))
```

उत्तर शून्याच्या अगदी जवळ यायला हवं. काही पैशांचा फरक चालेल, शेकड्यांत असेल तर XIRR ने दिलेला दर खोटा आहे. यासाठी XNPV ही वापरता येतो, पण दर उणे असला की तो अडू शकतो, म्हणून मला हे सूत्र बरं वाटतं. प्रश्न 10 मध्ये याचा खरा उपयोग कळेल.

7. मी दर महिन्याला ठरावीक रक्कम भरतो. मग IRR वापरला तर चालेल ना?

चालेल, पण IRR ला तारखा कळत नाहीत. तो प्रत्येक ओळीत सारखंच अंतर धरतो आणि त्या अंतराचा दर देतो. महिन्याच्या ओळी असतील तर महिन्याचा दर. त्याला 12 ने गुणू नका, चक्रवाढ हरवते. वर्षाचा दर असा:

```
=(1+IRR(B2:B14))^12-1
```

एखादा हप्ता चुकला आणि त्याची ओळच गाळली, तर IRR पुढचे सगळे हप्ते एक महिना अलीकडे ओढतो. XIRR मध्ये ही भानगड नाही. दर महिन्याला भरत असलात तरी XIRR च वापरा, असं माझं मत.

हप्त्यांच्या बाबतीत येणारी दुसरी शंका: "वर्षभरात 1,20,000 भरले, 1,26,500 झाले, म्हणजे 5.4%. मग XIRR 10% च्या वर कसा?" 2023 च्या प्रत्येक महिन्याच्या 1 तारखेला 10,000 भरले आणि 1 जानेवारी 2024 ला किंमत 1,26,500 होती असं मांडा. XIRR येतो सुमारे 10.1%. जानेवारीचा हप्ता वर्षभर राबला, डिसेंबरचा जेमतेम 31 दिवस. सरासरी काढली तर प्रत्येक हप्ता साधारण 198 दिवस गुंतलेला होता. निम्म्याहून थोड्या जास्त वर्षात 5.4%, म्हणजे वर्षाला 10% च्या आसपास. दोन्ही आकडे खरे आहेत, प्रश्न वेगळे आहेत.

8. लाभांश, शुल्क, बोनस शेअर, हे सगळं कुठे धरायचं?

एकच कसोटी लावा: त्या दिवशी तुमच्या आणि गुंतवणुकीच्या मधली सीमा पैशांनी ओलांडली का? लाभांश बँकेत जमा झाला तर ओलांडली, अधिक चिन्हाची ओळ टाका. लाभांश तिथेच पुन्हा गुंतवला गेला तर काहीच टाकू नका, तो आजच्या किमतीत आलेलाच आहे. तिथे अधिकही टाकलं आणि किंमतही धरली, तर एकच पैसा दोनदा मोजला जातो. बोनस शेअर किंवा शेअरचं विभाजन यात पैसा हललेलाच नसतो, म्हणून ओळ नाही.

खरेदीचं शुल्क उणे रकमेत मिळवा, विक्रीचं मिळालेल्या रकमेतून वजा करा. कर धरायचा की नाही हे तुम्ही ठरवा, फक्त एका गुंतवणुकीत धरून दुसरीत सोडून तुलना करू नका.

9. #VALUE! किंवा #NUM! येतंय. कुठे शोधू?

#VALUE! आला तर बहुतेक वेळा तारीख ही तारीख नसून मजकूर असते. सेल दिसायला अगदी शहाणा दिसतो. रिकाम्या सेलमध्ये =ISNUMBER(A3) करून बघा. FALSE आलं तर ती तारीख नाही. खूणही आहे: स्वतःहून अलाइनमेंट बदलली नसेल तर खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या.

#NUM! ची कारणं वर येऊन गेली: सगळी चिन्हं सारखी (प्रश्न 4), पहिल्या ओळीपेक्षा जुनी तारीख (प्रश्न 2). याशिवाय रकमांचा आणि तारखांचा आवाका कमीजास्त असला, B2:B6 पण A2:A5, तरी हेच येतं. यातलं काही नसेल तर प्रश्न 14 बघा.

आता यातला सगळ्यांत छळणारा प्रकार. डाउनलोड केलेल्या फाईलमध्ये तारखा दिवस-महिना-वर्ष अशा असतात आणि तुमचा संगणक महिना-दिवस-वर्ष या पद्धतीवर असतो. मग आपल्या उदाहरणातल्या तारखांचं काय होतं? 15-07-2021 मध्ये पंधरावा महिना नसतो, म्हणून एक्सेल हात टेकतो आणि तिला मजकूर म्हणून सोडतो. 20-03-2022 चंही तेच. पण 10-01-2021 मध्ये त्याला काही वावगं दिसत नाही, तो ती बिनबोभाट 1 ऑक्टोबर 2021 करून टाकतो. 05-11-2022 होते 11 मे 2022. लोक काय करतात, तर डावीकडे चिकटलेल्या दोन तारखा दुरुस्त करतात, मग तारखेनुसार सॉर्ट करतात, एरर जाते, आणि उरलेल्या तीन चुकीच्याच राहतात. उत्तर येतं, पण ते कुठल्या तरी दुसऱ्याच गुंतवणुकीचं असतं. स्वतःच्या शीटमध्ये मी असा एक आकडा जवळजवळ वर्षभर खरा मानून बसलो होतो.

एका रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, की उजवीकडच्याही संशयास्पद समजा. फाईल मुळात dd-mm-yyyy अशी होती याची खात्री असेल तर शेजारच्या रकान्यात हे सूत्र खालपर्यंत ओढा:

```
=IF(ISNUMBER(A2),DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),
 DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)))
```

उलटलेल्या तारखा ते सुलट करतं आणि मजकुराच्या तारखा बांधून देतं. मग रकान्याला d mmm yyyy हे फॉरमॅट द्या, म्हणजे महिना नावाने दिसतो आणि डोळ्यांना फसायला जागा उरत नाही.

10. एरर नाही, पण उत्तर 0.00% येतंय. परतावा खरंच शून्य आहे?

बहुधा नाही. त्या सेलचं टक्केवारीचं फॉरमॅट काढून General करा. 2.98E-09 असं काहीतरी दिसलं तर तो परतावा नाही, एक्सेलने उत्तर शोधता शोधता सोडून दिलेला प्रयत्न आहे. एरर द्यायच्या ऐवजी तो हा शून्यासारखा आकडा ठेवून जातो. प्रश्न 6 मधलं सूत्र इथे चोर पकडतं, बेरीज शून्याच्या जवळपासही येत नाही.

कारणं दोन. पहिलं, खरा दर मोठा उणे असतो आणि एक्सेल सुरुवात 10% पासून करतो. तिसऱ्या जागी अंदाज देऊन बघा:

```
=XIRR(B2:B6,A2:A6,-0.2)
```

दुसरं कारण म्हणजे पहिल्या ओळीत 0 असणं. एक्सेलच्या अनेक आवृत्त्या पहिली रक्कम शून्य असली की गडबडतात, मग खाली सगळं बरोबर का असेना. "खातं उघडलं, रक्कम 0" अशी ओळ कुणी प्रामाणिकपणे टाकलेली असते. किंवा एकाच यादीतून एका फंडाचा परतावा काढायला इतरांच्या जागी 0 ठेवणारं IF वापरलेलं असतं. यादीतली पहिली नोंद नेमकी दुसऱ्या फंडाची असली की झालं. मायक्रोसॉफ्ट 365 असेल तर शून्य ठेवण्याऐवजी त्या ओळीच गाळा:

```
=XIRR(FILTER(B2:B60,C2:C60="X"),
 FILTER(A2:A60,C2:C60="X"))
```

इथे C मध्ये फंडाचं नाव आहे. त्या फंडाच्या आजच्या किमतीची ओळही याच यादीत, त्याच नावाने हवी.

11. महिनाभरापूर्वी गुंतवणूक केली, XIRR 81% दाखवतोय. आनंद मानू?

इतक्यात नको. 30 दिवसांत 5% वाढ झाली, तर XIRR असं धरतो की वर्षभर दर 30 दिवसांनी 5% वाढतच राहील. 1.05 चा 365/30 वा घात केला की 1.81 येतो, म्हणजे 81%. गणित चोख आहे, वर्ष मात्र अजून घडलेलं नाही. पडत्या बाजारात हेच उलट्या दिशेने होतं आणि लोक घाबरून विकतात.

वर्ष पूर्ण होईपर्यंत मी साधी टक्केवारीच बघतो, 5% तर 5%. जुन्या गुंतवणुकीत कालच मोठी भर घातली असेल तर ही अडचण तितकी नसते, कारण जुने पैसे दराला धरून ठेवतात.

12. फंड म्हणतो दोन वर्षांत वर्षाला 16% परतावा, माझा XIRR उणे आहे. कोण खोटं बोलतंय?

कुणीच नाही. समजा तुम्ही 1,00,000 घातले. पहिल्या वर्षी फंड 50% वाढला, 1,50,000 झाले. ते बघून तुम्ही आणखी 5,00,000 घातले, आता 6,50,000. दुसऱ्या वर्षी फंड 10% पडला, उरले 5,85,000.

फंडाचा हिशेब: 1.50 गुणिले 0.90 म्हणजे 1.35. दोन वर्षांत 35%, वर्षाला 16.2%. तुमचा हिशेब: सहा लाख घातले, 5,85,000 उरले. XIRR उणे 2.15%. चांगल्या वर्षात तुमचा एक लाख होता, वाईट वर्षात साडेसहा.

फंडाचा आकडा सांगतो की पहिल्या दिवशी टाकलेल्या आणि न हलवलेल्या रकमेचं काय झालं, गुंतवणूकदार पैसे कधी आणतो हे फंडाच्या हातात नसतं. XIRR मध्ये तुमची वेळही मिसळलेली असते. फंड कसा आहे हे ठरवायला पहिला आकडा वापरा, तुमच्या पैशांचं काय झालं हे बघायला दुसरा. तुमचा XIRR एका फंडाचा आणि शेजाऱ्याचा XIRR दुसऱ्या फंडाचा घेऊन फंडांची तुलना मात्र करू नका.

13. चार ठिकाणी गुंतवणूक आहे. चारही XIRR ची सरासरी काढू का?

नको. एका वर्षासाठी एकीकडे 10,000 गुंतवून 40% मिळाले, दुसरीकडे 1,00,000 गुंतवून 5%. सरासरी 22.5% येते. प्रत्यक्षात 1,10,000 चे 1,19,000 झाले, म्हणजे 8.2%. रकमांचं वजन लावूनही कालावधी वेगळे असले की हिशेब बिघडतोच. सगळ्या नोंदी एकाखाली एक लावा, शेवटी सगळ्यांची आजची एकूण किंमत टाका आणि एकच XIRR काढा.

एका फंडातून काढून थेट दुसऱ्यात टाकले असतील, तर एकत्र हिशेबात ती ओळ नको, पैसा सीमेच्या आतच फिरला. प्रत्येक फंडाच्या वेगळ्या हिशेबात मात्र ती हवी, एकात अधिक, दुसऱ्यात उणे.

फक्त गेल्या वर्षाचाच परतावा हवा असेल तर वर्षाच्या पहिल्या दिवसाची किंमत उणे चिन्हाने पहिल्या ओळीत घ्या, जणू त्याच दिवशी सगळं विकत घेतलं. मग वर्षभरातल्या नोंदी, शेवटी वर्षअखेरची किंमत अधिक चिन्हाने.

14. तो तिसरा आकडा, अंदाज, बदलला की उत्तर बदलतं. असं कसं?

XIRR कडे थेट सूत्र नाही. तो एक दर धरतो, किती चुकलं ते बघतो, दर सरकवतो, पुन्हा बघतो. अंदाज दिला नाही तर सुरुवात 0.1 पासून. 100 फेऱ्यांत जमलं नाही तर #NUM!. म्हणून अंदाज बदलून एरर गेली तर ती युक्ती नव्हे, शोधाला योग्य ठिकाणाहून सुरुवात करून दिली एवढंच. उत्तर आल्यावर अंदाज थोडा हलवून बघा, तेच राहायला हवं.

क्वचित खरोखरच दोन उत्तरं असतात. 01-01-2021 ला 1,00,000 घातले, 01-01-2022 ला 2,30,000 मिळाले, आणि 01-01-2023 ला 1,32,000 परत भरावे लागले. इथे 10% आणि 20% हे दोन्ही दर समीकरणात चपखल बसतात. अंदाज न देता 10% येतो, 0.25 दिला तर 20% कडे जातो. प्रश्न 6 ची तपासणीही दोघांना पास करते. अशा वेळी खरा दर कुठला, या प्रश्नाला अर्थच उरत नाही.

पण घातले-काढले-घातले असं दिसलं म्हणून घाबरू नका. साध्या गुंतवणुकीत, जिथे शेवटपर्यंत काहीतरी पैसा आत गुंतलेला असतो, दुसरं उत्तर निघत नाही. ते निघतं जिथे मधे घातल्यापेक्षा जास्त हातात येतं आणि शेवटी पुन्हा मोठी रक्कम भरावी लागते, म्हणजे काही काळ तुम्ही गुंतवणूकदार नसून कर्जदार असता.

15. बरोबर एक वर्ष, 10% वाढ, तरी 9.97% का?

मधे 29 फेब्रुवारी आला. XIRR प्रत्येक वर्ष 365 दिवसांचंच धरतो. 01-01-2024 ते 01-01-2025 हे 366 दिवस होतात, म्हणजे त्याच्या लेखी एका वर्षाहून एक दिवस जास्त. शीट दुरुस्त करायची गरज नाही.